एका दारात दोन बादल्या

एकदा मला ताप आला म्हणून मी मास्तरांकडे दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. ‘प्रकृती अत्यंत बिघडल्यामुळे’ असं रीतसर लिहिलं होतं. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली, ‘अत्यंत’ खोडलं, मग ‘बिघडल्यामुळे’ खोडलं, शेवटी ‘प्रकृती’सुद्धा खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“हे मले दिसत नाही,” ते म्हणाले. “जे दिसते ते लिही.”

डोकं ठणकत होतं आणि हा माणूस मला निबंध लिहायला लावत होता. मी चिडून तिथंच उभ्या उभ्या लिहिलं : कालपासून जेवले नाही. ऑफिसला येताना वाटेत तीनदा बसले. आता टेबल धरून उभी आहे. मास्तरांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या माझ्या हाताकडे बघितलं.

“आता दिसला ताप. जाय घरी, चार दिवस येऊ नको.”

दोन मागितले तर चार मिळाले, म्हणून तक्रार करायला तोंडच उरलं नाही. त्यांच्याशी वागताना नेहमी असंच व्हायचं. आधी राग यायचा आणि मग तो ठेवायला जागा सापडायची नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आमचं घर दुर्गला, तीन पिढ्यांपासूनचं. मी टायपिंग शिकले होते आणि घरात बसून लोणची घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून बसनं रोज भिलाईला जायची. सुरक्षा विभागाच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती. तिला ‘फिल्म सेक्शन’ म्हणत. सेक्शन म्हणजे मास्तर, मी, एक चावीचा कॅमेरा आणि ज्याचं एक चाक सतत रुसलेलं असायचं असा प्रोजेक्टर. मास्तर मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडे शाळेत चित्रकला शिकवायचे, मग इथं ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवायला लागले. तिथून सुरक्षेची पोस्टरं काढता काढता त्यांच्या हाती कॅमेरा आला. साहेब झाले तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, आणि ‘साहेब’ म्हटलं तर ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे कानात कापूस घालून बाजारात जायचं. रविवारच्या बाजारात दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून मास्तर भाजीवाल्यांसमोर उभे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या आईनं त्यांना बहिरे समजून इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारचे बाहेर आले. कापूस काढून मास्तर तिला समजावू लागले, “अवो, कान बंद केले ना, का मंग माणसं खरं बोलाले लागतात.” आईला काही ते पटलं नाही. ती मला आत बोलावून म्हणाली, “हा मनुष्य सरळ आहे ना गं?” मी म्हटलं, सरळ आहे, फक्त त्याचं तोंड आपल्या बाजूला नसतं.

पण कापसात तथ्य होतं. ते मला एकदा बाजारात ओढत घेऊन गेले आणि माझ्याही कानात बोळे घातले. समोर एक बाई वांगी घेत होती. भाव ऐकू येत नव्हता. तिनं एक वांगं उचललं, ठेवलं, दुसरं उचललं, पुन्हा पहिलंच उचललं आणि पिशवीचं तोंड मुठीत धरलं. “काय समजलं?” मास्तरांनी खुणेनं विचारलं. मला समजलं होतं. वांगी आवडली होती आणि ती घेणार नव्हती. एरवी मी फक्त घासाघीस ऐकली असती.

आता हा कापूस ऑफिसच्या कामात कसा आला ते सांगते. कारखान्याच्या बांधकामावर कुठून कुठून माणसं आली होती. तेलुगू, पंजाबी, बंगाली, मल्याळी, ओडिया, मास्तरांच्या विदर्भातली शेतकऱ्यांची पोरं, आणि सगळ्यांत जास्त आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगढी मजूर आणि रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया. वर रशियन इंजिनियर. सुरक्षेचं भाषण व्हायचं ते हिंदीत, भोंग्यातून. मास्तरांनी एकदा बघितलं, उंचावर काम करणारी तेलुगू माणसं भाषण चालू असताना शांतपणे शेंगदाणे खात होती, आणि भाषण संपल्यावर तशीच पट्टा न बांधता वर चढली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच : सिनेमा करायचा आणि त्यात एक शब्द नसला पाहिजे. ना बोलणं, ना पडद्यामागून कोणी सांगणं, ना पाटी. ज्याला डोळे आहेत त्याला कळलं पाहिजे. “भाषा येत नाही म्हणून माणूस मरन, हे मले चालत नाही,” असं ते विभागाच्या मोठ्या साहेबांना म्हणाले आणि आमच्या नशिबानं मोठ्या साहेबांनी परवानगी दिली.

गोष्ट छोटी होती. एक माणूस उंच लोखंडी तुळईवर काम करतो. घाईत कमरेच्या पट्ट्याचा आकडा सळईतून काढतो. पुढच्या चित्रात नुसता आकडा सळईला लोंबतोय, माणूस नाही. पडताना दाखवायचा नाही, हे मास्तरांनी आधीच ठरवलं होतं. मग त्याच्या बायकोचं दुःख. ते बघून बघणाऱ्यानं उद्या स्वतःचा आकडा सळईत घालायचा.

बायकोच्या भूमिकेला क्लबच्या नाटकात काम करणाऱ्या एक बाई मिळाल्या. बाई नामवंत होत्या आणि रडण्यासाठीच नामवंत होत्या. मास्तरांना त्या नको होत्या, पण मोठ्या साहेबांच्या घरून शिफारस आली होती. बाईंनी कपाळ बडवलं, तोंड उघडून हंबरडा फोडला, खांदे गदागदा हलवले. तिथं उभी होते तेव्हा मलासुद्धा गलबललं. मास्तर मात्र नुसती कॅमेऱ्याची चावी फिरवत होते.

मजुरांच्या कॅम्पजवळच्या मैदानात आम्ही तो सिनेमा दाखवला. दोन बांबूंना बांधलेली चादर, मागे गाडीचा जनरेटर. लोक आकडा लोंबेपर्यंत अगदी चिडीचूप होते. मग बाईंचा चेहरा पडद्यावर आला, चादरीएवढा. उघडं तोंड, मिटलेले डोळे, हलणारे खांदे, आणि आवाज काहीच नाही.

अख्खं मैदान हसलं.

मला आधी कळेना काय झालं. मग मी पडद्याकडे नीट बघितलं. आवाज काढून घेतला तर मोठ्यानं रडणारं माणूस आणि मोठ्यानं हसणारं माणूस सारखंच दिसतं. नवरा मेला आणि ही बया पोट धरून हसतेय, असंच ते दिसत होतं. पुढे बसलेला एक जण तर मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला सांगत होता की बरं झालं, सुटली. मास्तर प्रोजेक्टरजवळ उभे होते. त्यांनी रीळ बंद केलं नाही. शेवटपर्यंत चालू दिलं आणि लोकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी वही घेऊन मागे उभी. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना हसू झालेलं सोसवलं नव्हतं.

“बिना बोले मजदूर समझेगा ही नहीं,” ते म्हणाले. “मैं हिंदी में कमेंट्री डलवा देता हूँ.”

“एक मोका द्या, साहेब,” मास्तर म्हणाले. मास्तर हिंदीतही मराठीच बोलायचे. “फक्त रडण्याचा भाग परत करतो.”

साहेबांनी स्टोअरची यादी मागवली. शंभर फुटांचं एकच रीळ शिल्लक होतं. शंभर फूट म्हणजे पावणेतीन मिनिटं. त्यांनी ते दिलं आणि अटही घातली : यावेळी लोक हसले तर चित्रपटावर हिंदी भाषण चढणार, फिल्म सेक्शन बंद, आणि मास्तर नंदिनी गावी चुनखडीच्या खाणीवर हजेरी घ्यायला. मला दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावर टाइपरायटर मिळाला असता, माझं काही अडलं नसतं. पण मास्तरांच्या हातून कॅमेरा काढून हजेरीचं पुस्तक दिलं असतं, तर हा माणूस पुस्तकातसुद्धा लोकांची चित्रं काढत बसला असता. मला फार वाईट वाटलं.

खोलीत परतल्यावर मास्तर म्हणाले, “यावेळी तू लिही.”

“मी? मी टायपिस्ट आहे.”

“म्हणूनच. तुले नाटक येत नाही.”

त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर होतं. एका ओळीत एक चित्र लिहायचं. डावीकडे नंबर, मध्ये काय दिसतं ते, उजवीकडे किती फूट. सगळं आत्ता घडतंय असं लिहायचं. ‘तिला आठवतं’ लिहायचं नाही, कारण आठवण दिसत नाही. ‘अनेक दिवसांनी’ लिहायचं नाही, कारण दिवस दिसत नाहीत. ‘दुःखी’ हा शब्द मी पहिल्या दिवशी सहा वेळा लिहिला आणि सहाही वेळा पेन्सिल फिरली.

मी पहिल्यांदा भिंतीवरचा फोटो आणि त्याला हार असं लिहिलं. मास्तर म्हणाले, “हार पाहून तो मेला हे समजलं. ते तं आकड्यानंच समजलं होतं. ही बातमी झाली पोरी, दुःख कुठं हाय?” मग मी लिहिलं, ती खिडकीतून बाहेर बघत बसते. “मी भी बसतो खिडकीत. तवा मले चहा पाहिजे असते.” तिसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेनं लिहिलं की ती सवयीनं दोन ताटं वाढते आणि दुसरं ताट वाढताना हात मध्येच थांबतो. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

मास्तरांनी ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, “हे बरं हाय. पण दोन गोष्टी हायेत. एक, हे सगळ्याइले सुचते. दुसरं, तू हात थांबवला. हात थांबला का तिले आपलं दुःख समजलं, आता तिनं रडलंच पाहिजे. मंग परत थेच तोंड अन् थेच खांदे. हात थांबवू नको. काम पुरं होऊ दे. तिनं रडायचं नाही, पाहणाऱ्यानं रडायचं.”

“मग करायचं काय तिनं?”

“मले काय माहीत? जाय, पाहून ये.” आणि कापसाचे दोन बोळे माझ्या हातात.

जानेवारीचे दिवस होते. रात्रपाळी सुटायच्या वेळेला मी पहिल्या बसनं येऊन कामगारांच्या क्वार्टरांच्या रांगेत एका ओट्यावर जाऊन बसले, शाल गुंडाळून, कानात कापूस. लोकांना वाटलं हिला कानदुखी आहे. एका आजीनं मला ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली.

भोंगा मला ऐकू आला नाही, पण दिसला. रांगेतली सगळी दारं एकाच वेळी उघडली. प्रत्येक बाई सिगडीवरचं गरम पाणी बादलीत ओतत होती, त्यात थंड पाणी घालत होती, कोपर बुडवून बघत होती आणि बादली दाराबाहेरच्या दगडावर ठेवत होती. मग कोपऱ्यावरून सायकली वळल्या. धुळीनं माखलेले नवरे उतरले आणि तिथंच उघड्यावर आंघोळीला बसले. इतकंच. रोजचं.

मी धावत येऊन मास्तरांना सांगितलं. त्यांची पेन्सिल थांबली.

“थंड पाणी किती तांबे?”

“मोजले नाहीत.”

“उद्या मोजून ये.”

अशा आणखी तीन सकाळी गेल्या. पण मोजल्यावर कळलं की प्रत्येक घराचा आकडा वेगळा होता आणि रोज तोच होता. एका दारात एक तांब्या, शेजारच्या दारात तीन. एका माणसाला कढत लागायचं, दुसऱ्याला कोमट. मास्तरांनी हे ऐकलं आणि रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं : तीन तांबे. “झाला आपला माणूस,” ते म्हणाले. “नाव नाही, बोलणं नाही, तीन तांब्याचा माणूस.”

त्या दिवसापासून मला लिहिण्याची खरी गोडी लागली. मास्तरांनी मला शिकवलं की आधी सुखाचं चित्र लिहायचं, आणि ते असं लिहायचं की कोणाला ते महत्त्वाचं वाटू नये. शेजारी शेजारी दोन दारं. दोन बायका. एक जण एक तांब्या घालते, आपली बाई तीन. दोन सायकली येतात. दोघं आंघोळ करतात, एकमेकांवर पाणी उडवतात. बघणाऱ्याच्या नकळत तीनचा आकडा त्याच्या डोक्यात बसला पाहिजे. मग पट्ट्याचा आकडा लोंबायचा. आणि मग परत तीच दोन दारं, कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर. एक इंच हलवायचा नाही, कारण जागा तीच असली तरच काय कमी झालं ते डोळ्याला सापडतं.

काही दिवस गेले हे कसं सांगायचं, यावर आम्ही दोन दिवस अडलो. तेही मास्तरांनाच सापडलं. भिंतीला टेकवलेली त्याची सायकल, आणि दोन्ही चाकांतली हवा गेलेली.

मग ती उठते, पाणी तापवते. तांब्या एक, दोन, तीन. कोपर बुडवते. बादली दगडावर ठेवते. रस्त्यावरून एकच सायकल येते. इथपर्यंत मी लिहिलं आणि मला रडू आलं. मास्तर म्हणाले, “तू रडून राहिली म्हणजे रस्ता बरोबर हाय. आता सांग, त्या पाण्याचं तिनं काय करावं?”

फेकून दिलं तर राग दिसतो. तशीच बसून राहिली तर परत खिडकी. मी विचार केला, लांबून कळशीनं आणलेलं पाणी, कोळसा जाळून तापवलेलं. आमच्या दुर्गच्या घरात कोणी ते फेकलं असतं का? मी लिहिलं : ती बादली उचलते आणि शेजारच्या दारात नेऊन ठेवते.

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं आवडलं. पण लगेच मलाच शंका आली. “मास्तर, लोक भलतंच समजतील. नवरा मेलेली बाई दुसऱ्याच्या नवऱ्याला आंघोळीला पाणी देते म्हणून.”

“हो, समजतीन,” ते म्हणाले, आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. पाच-सहा फेऱ्यांनंतर थांबले. “शेजारीण कुठं हाय?”

शेजारीण मी विसरलेच होते. तिचीही बादली तिच्या दारात असणारच. म्हणजे एका दारात दोन बादल्या. मास्तरांनी ते चौकोनात काढून दाखवलं, दोन बादल्या आणि दोन वाफा, आणि दुसरं दार रिकामं. शेजारीण बाहेर येते. दोन्ही बादल्या बघते. एक शब्द नाही. आपली बादली उचलते आणि आत घेऊन जाते. तिनं मान्य केलं म्हटल्यावर लोकांच्या मनात भलतं येणार नाही. मग तिचा नवरा येऊन बसतो, पहिला तांब्या अंगावर घेतो आणि दचकतो. हे त्याचं पाणी नाही. हे कोमट आहे, तीन तांब्यांचं. तो शेजारच्या दाराकडे बघतो. दार बंद. मग तो दुसरा तांब्या भरतो आणि डोक्यावरून घेतो. संपलं.

“तिचा चेहरा?” मी विचारलं.

“दाखवायचाच नाही. एकदाच, बादली नेताना. बाकी सगळे तिच्याकडे पाहतीन, ती पाण्याकडे पाहीन.”

आता बाई कुठून आणायची? नाटकवाल्या बाई नकोत. रांगेतलीच गोंदियाकडची एक हसरी बाई तयार झाली. मास्तर तिला खरं सांगणार नव्हते, म्हणजे चेहरा साधा राहील. ते मला पटलं नाही. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पडद्यावर तू विधवा आहेस.

“पडद्यावर आहे ना? मंग असू द्या,” ती म्हणाली. “पण मी कुंकू पुसनार नाही, बांगड्या काढनार नाही.”

मास्तरांनी तिला काहीच काढायला लावलं नाही. थंडीच होती. डोक्यावरून मनगटापर्यंत शाल आली, बांगड्या शालीत आणि कुंकू पदराच्या सावलीत. तिनं विचारलं, “चेहरा कसा करू?” मास्तर म्हणाले, “चेहरा करूच नको. फक्त पाणी सांडू नको.” आणि त्यांनी बादली काठोकाठ भरली. बाई श्वास रोखून, डोळे पाण्यावर लावून, पाऊल पाऊल टाकत गेली. तिच्या मनात बादलीशिवाय काहीही नव्हतं. बघणाऱ्याला मात्र तिच्या त्या चेहऱ्यात सगळं दिसणार होतं, कारण तो आधीच तीन तांबे मोजून बसला होता. दहा फूट म्हणजे सोळा सेकंद, म्हणून मास्तर तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होते. कोवळं ऊन एका बाजूनं तिरपं येत होतं, म्हणून काळ्या दारावर वाफ पांढरी उठून दिसत होती. आठ वाजले की ती गंमत संपायची. दोन सकाळी लागल्या. एकही चित्र परत घ्यावं लागलं नाही, घेता आलंही नसतं.

रीळ मुंबईहून धुवून आलं आणि आम्ही परत त्याच मैदानात गेलो. मोठे साहेब खुर्चीत. मी बायकांच्या बाजूला. मास्तर नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे. त्यांचं सगळं आयुष्य त्या पावणेतीन मिनिटांत होतं आणि ते त्यातलं काहीही बघत नव्हते.

सायकलची चाकं आली. पाणी तापलं. तिनं बादली उचलली तेव्हा मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग पडद्यावर दोन बादल्या आल्या. शेजारीण बाहेर आली, थांबली, आपली बादली उचलून आत गेली. माझ्या शेजारची तेलुगू बाई हळूच ‘अय्यो’ म्हणाली. पुरुषांच्या बाजूला शेंगदाण्याची टरफलं वाजत होती, ती वाजायची बंद झाली. तो माणूस पाण्याला दचकला, दाराकडे वळला, आणि डोक्यावरून पाणी घेतलं. चादर पांढरी झाली. लोक उठले नाहीत.

मोठे साहेब उठले. चष्मा पुसत म्हणाले, “ठीक है. इसमें कुछ मत डालना.”

म्हणजे नंदिनी टळली, सेक्शन राहिला. मला नाचावंसं वाटत होतं. मी मास्तरांकडे गेले तर त्यांच्यासमोर एक म्हातारी रेजा उभी होती, डोक्यावर घमेल्याची चुंबळ तशीच. ती त्यांना छत्तीसगढीत विचारत होती, “ओकर बर पानी कोन तिपोथे, बाबू?”

तिच्यासाठी पाणी कोण तापवतं?

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तशीच परत ठेवली. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मोठ्या साहेबांकडे दहा फूट फिल्म मागितली. साहेब म्हणाले, चांगलं झालेलं का बिघडवता, आणि फिल्म आहे कुठे? नवी रिळं येईपर्यंत फेब्रुवारी सरत आला. ऊन चढायला लागलं होतं, वाफ दिसेना. मग बादलीच्या मागे ऊद टाकलेलं धुपाटणं ठेवून आम्ही धूर उठवला. पहाटेच्या उजेडात तो वाफेसारखाच दिसला. चित्र एवढंच : आपल्या बाईचं बंद दार. शेजारीण येते, दगडावर बादली ठेवते, जाते. दार उघडतं. हात बाहेर येतो आणि बादली आत घेतो. सोळा सेकंद. रजिस्टरमध्ये ती ओळ मास्तरांनी स्वतः लिहिली. मी एक अक्षर बदललं नाही.

पण तोवर ती म्हातारी भिलाईत नव्हती. तिची टोळी ठेकेदारानं कुम्हारीला, रस्त्याच्या कामावर नेली होती. मास्तरांनी ‘प्रोजेक्टरची तपासणी’ असं लिहून गाडी काढली. खोटं लिहिताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं, आणि ते टाइप मीच केलं. दिवस मावळताना कुम्हारीला पोचलो. ठेकेदाराच्या गोदामाच्या भिंतीवरच सिनेमा दाखवला. म्हातारी पुढे उकिडवी बसली होती. शेवटचं चित्र आलं, दार उघडलं, हातानं बादली आत घेतली. तिनं मान हलवली.

“मोर बर तो कोनो नइ तिपोइस,” ती सहज म्हणाली. माझ्यासाठी तर कोणी तापवलं नव्हतं. तक्रार नव्हती त्यात. मग म्हणाली, “फेर देखा न.” परत दाखव ना.

मास्तरांनी तेवढाच तुकडा परत लावला, मग आणखी एकदा. मी तिच्या अगदी जवळ उभी होते. तिसऱ्या वेळी शेजारणीनं बादली दगडावर ठेवली, वाफ भिंतभर पसरली, आणि म्हातारीनं पाय पोटाशी घेऊन दोन्ही तळवे भिंतीकडे धरले, शेकोटीपुढे धरतात तसे. तिला ते कळलं नसावं. मास्तरांचं तोंड नेहमीप्रमाणे आमच्याकडेच होतं, तिचे हात त्यांनीही पाहिले. कोणी मागितलं नाही, तरी त्यांनी रीळ चौथ्यांदा लावलं.